मशीन ९ मिनिटांवर अडकतं तेव्हा: चादरी, टॉवेल आणि एका बाजूला गेलेलं वजन

जुलैतली गोष्ट. मांद्र्याला तीन खोल्यांचं होमस्टे चालवणाऱ्या एका वहिनींचा सकाळी साडेसातला फोन आला. दुपारी पाहुणे यायचे होते आणि चादरी मशीनमध्येच होत्या. “भाऊ, पाऊण तास झाला, हे ९ मिनिटंच दाखवतंय. मध्येच १२ होतात, परत ९ होतात. फिरायला लागलं की धाडधाड वाजतं आणि थांबतं. आता तर `UE` असं काहीतरी आलंय.”

पेडण्यापासून म्हापशापर्यंत मी मशीन दुरुस्त करत फिरतो आणि पावसाळ्यात अशा फोनांची कमी नसते. यातल्या बहुतेक ठिकाणी मला पाना काढावाच लागत नाही, कारण मशीनमध्ये बिघाड नसतो. आत कपड्यांचा एक गोळा झालेला असतो आणि तो गोळा घेऊन जोरात फिरायला मशीन नकार देत असतं. उन्हाळ्यात लोक ती ओली चादर तशीच दोरीवर टाकतात आणि विसरून जातात. पावसाळ्यात मात्र स्पिन झालं नाही तर चादर तीन दिवस वाळत नाही, तिला कुबट वास धरतो, म्हणून याच चार महिन्यांत हा त्रास जाणवतो. तो घरच्या घरी कसा सोडवायचा, ते मी इथे सविस्तर सांगतो. माझ्या फेरीचे पैसे वाचतील आणि चादरीही वेळेत वाळतील.

मशीन नेमकं कशाला घाबरतं

आधी आत काय चालतं ते बघू, कारण ते कळलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. धुणं आणि खंगाळणं झालं की मशीन पाणी सोडून देतं आणि ड्रम हळूहळू फिरवू लागतं. समोरून दार असलेल्या मशीनचा ड्रम साधारण अर्धा मीटर व्यासाचा असतो. तो मिनिटाला ६० फेऱ्यांच्या आसपास पोचला की कपडे खाली पडायचे थांबतात आणि भिंतीला चिकटून राहतात. याच टप्प्याला मशीन अंदाज घेतं. वजन सगळीकडे सारखं पसरलं असेल तर ड्रम एका लयीत फिरतो. एकाच बाजूला जड गोळा असेल तर तो वर चढताना मोटरला जोर लागतो आणि खाली येताना ड्रम पुढे ढकलला जातो. मोटरच्या वेगातला हा चढउतार मशीनच्या बोर्डाला कळतो. चढउतार ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की बोर्ड वेग वाढवत नाही. ड्रम थांबवतो, कपडे दोन्ही बाजूंना घोळवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तुमच्या घड्याळात वेळ जातो, पण मशीनवरचे आकडे तिथेच अडकून राहतात किंवा उलटे वाढतात, त्याचं कारण हेच.

मशीन इतकं सावध का, याचा हिशोब सोपा आहे. समजा एका बाजूला १ किलो वजन जास्त आहे. मिनिटाला ४०० फेऱ्या झाल्या की ते १ किलो ड्रमला साधारण ४५ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो, म्हणजे १२०० फेऱ्यांना तोच १ किलो ४०० किलोच्या जोराने ओढेल, तोही प्रत्येक फेरीला वेगळ्या दिशेने. असा मार बेअरिंग, स्प्रिंग आणि ड्रमची मागची पट्टी किती दिवस सोसणार? म्हणून `UE` दिसला की मशीनवर रागावू नका. त्याने स्वतःला वाचवलेलं असतं.

पडद्यावर काय येतं ते कंपनीप्रमाणे बदलतं. एलजीच्या मशीनवर `UE` येतं. बारीक अक्षरातलं `uE` दिसलं तर मशीन अजून स्वतःच वजन सारखं करायच्या प्रयत्नात आहे, त्याला थोडा वेळ द्या. सॅमसंगवर `Ub` किंवा जुन्या मशीनवर `UE` दिसतं. बॉशसारखी काही मशीन एरर न दाखवता वेगच कमी करतात. कार्यक्रम संपल्याचं संगीत वाजतं, दार उघडतं आणि आत चादर ठिबकत असते. लोकांना वाटतं मोटर कमजोर झाली, पण कारण तेच असतं.

चादर आणि टॉवेलच का

शर्ट, पँट, मुलांचे कपडे यांनी हा एरर सहसा येत नाही. वीस-पंचवीस लहान नग ड्रममध्ये कसेही पडले तरी एकूण वजन सगळीकडे थोडंथोडं वाटलं जातं. चादरीचं तसं होत नाही. डबल बेडची सुती चादर कोरडी असताना ७०० ते ९०० ग्रॅम भरते, पण ती एकच नग असते. घोळताना तिचं एक टोक दुसऱ्यात गुंततं, पीळ बसतो आणि बघता बघता तिची मोट होते. मग त्या मोटेत टॉवेल, उशीचे अभ्रे, मोजे जे मिळेल ते ओढलं जातं. इलॅस्टिकची चादर यात सगळ्यात वाईट, कारण तिच्या चार कोपऱ्यांच्या चार पिशव्याच असतात. अभ्रा एकदा कोपऱ्यात शिरला की घोळवून बाहेर येत नाही. बटणं न लावलेली दुलईची खोळही अशीच वागते.

टॉवेलचा दोष वेगळा. तो गुंतत नाही, पाणी पितो. जाड अंघोळीचा टॉवेल कोरडा अर्धा किलो असेल तर पाणी सोडल्यावर, स्पिन होण्याआधी, तो सहज सव्वा ते दीड किलो भरतो. शेजारी टेरीकॉटची चादर असेल तर ती पाणी पटकन सोडून हलकी होते आणि टॉवेल जड राहतो. कोरडे असताना दोघं सारख्या वजनाचे होते म्हणून आपल्याला वाटतं तोल बरोबर आहे, पण ओले झाल्यावर तो तोल राहत नाही. म्हणून एकटा टॉवेल आणि दोन हलक्या चादरी ही जोडी मला नेहमी अडचणीची वाटते.

मांद्र्याच्या त्या ड्रममध्ये काय होतं

मी पोचलो तेव्हा मशीन ७ किलोचं, समोरून दाराचं, जेमतेम दोन वर्षांचं होतं. आत एक इलॅस्टिकची चादर, एक साधी चादर, चार अभ्रे आणि एक मोठा टॉवेल. वहिनी म्हणाल्या, “ओव्हरलोड नाही हो केलं. अर्धं तरी रिकामंच आहे.” खरंच होतं ते. कोरडं वजन मिळून अडीच-पावणेतीन किलोच्या वर नव्हतं.

दार उघडलं तर ड्रमच्या तळाशी एकच पांढरा गोळा आणि त्याच्या बाजूला सैल पडलेली साधी चादर. गोळा उचलून माझ्या हुकाच्या काट्याला लावला. साडेचार किलो. उरलेलं सगळं मिळून दोन किलोच्या थोडं वर. गोळा सोडवला तेव्हा इलॅस्टिकच्या चादरीच्या एका कोपऱ्यातून दोन अभ्रे निघाले, दुसऱ्यातून एक, आणि टॉवेल मधोमध गुंडाळलेला. म्हणजे जवळजवळ अडीच किलोचा फरक एका बाजूला. वर केलेला हिशोब लावा: ४०० फेऱ्यांनाच १०० किलोच्या वरचा मार. मशीनने नकार दिला ते बरोबरच होतं.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. एरर वजन जास्त झाल्याने येतोच असं नाही, वजन एकत्र झाल्याने येतो. अर्धा रिकामा ड्रम जास्त वेळा अडकतो, कारण गोळ्याला समोरून तोलून धरायला दुसरं काही नसतं.

समोरच्या दाराचं मशीन: काय करायचं, कोणत्या क्रमाने

आधी पॉज दाबा आणि ड्रम पूर्ण थांबू द्या. कुलूप सुटायला एक ते तीन मिनिटं लागतात, दार ओढू नका. काचेतून पाणी दिसत असेल तर आधी फक्त पाणी सोडायचा कार्यक्रम लावा. बहुतेक मशीनमध्ये स्पिनचा वेग शून्यावर आणून स्पिन लावलं की तेवढंच होतं. प्लग काढून परत लावू नका. काही मशीन विसरून पहिल्यापासून धुवायला लागतात आणि तास वाया जातो.

मग सगळं बाहेर काढा. सगळं म्हणजे सगळं. हात घालून आतल्या आत गोळा सैल करायचा मोह होतो, पण तसं केलं की वरची घडी सुटते आणि आतला पीळ तसाच राहतो, पाच मिनिटांनी परत धाडधाड सुरू. मोठ्या टबात काढून घ्या. इलॅस्टिकच्या चादरीचे चारही कोपरे बोटं घालून तपासा आणि उलटे करा. खोळ असेल तर आतला माल काढून बटणं लावा. चादर दोन टोकांनी धरून एकदा झटका. घरात दुसरं माणूस असेल तर समोरासमोर उभे राहून दोघांनी झटकलेली चांगली, पीळ पूर्ण निघतो.

आता परत भरायचं. इथे बरेच जण एक चूक करतात: चादरीची व्यवस्थित घडी घालून ती ड्रमच्या एका बाजूला ठेवतात आणि दुसरी समोरच्या बाजूला. समोरच्या दाराच्या मशीनमध्ये अशी मांडणी टिकत नाही. स्पिनच्या आधी ड्रम घोळवतो आणि तुमची मांडणी पहिल्या दोन फेऱ्यांत मोडते. वर घडी घातलेली चादर पानासारखी उलगडत नाही, गठ्ठा होऊनच फिरते. या मशीनला हवं असतं ते म्हणजे सुटे, सैल नग, आणि वजनाने थोडेफार सारखे.

म्हणून चादर एका टोकाने आत सोडायला सुरुवात करा आणि नागमोडी, सैल, हातभर हातभर करत जाऊ द्या. अर्धी चादर गेली की मध्ये एक टॉवेल टाका, मग उरलेली चादर, मग दुसरा टॉवेल किंवा दोन अभ्रे, मग दुसरी चादर. चादरीच्या थरांमध्ये टॉवेल आला की चादर स्वतःवर गुंडाळायला तिला जागा मिळत नाही. सगळं भरल्यावर ड्रम हाताने एक फेरी फिरवून बघा. कपडे एकेक करून खाली घरंगळले तर ठीक. सगळं एकाच वेळी धप्पकन पडलं तर अजून गोळा आहे, पुन्हा सोडवा.

वहिनींच्या बाबतीत एक अडचण उरलीच होती: टॉवेल एकच होता. मी त्यांना अजून दोन टॉवेल मागितले, तसल्याच जाडीचे, नळाखाली भिजवून हलके पिळून आत टाकले. कोरडे टाकले तरी थोडंफार चालतं, पण ओल्या टॉवेलच्या समोर कोरडा टॉवेल वजनाला कमीच पडतो. भिजवलेले दोन्ही बाजूंनी तोल धरतात. इलॅस्टिकची चादर आणि अभ्रे एकत्र घालायचे नाहीत म्हणून अभ्रे मी बाजूला काढून ठेवले, ते हाताने पिळले तरी भागतं.

शेवटचा मुद्दा वेगाचा. लगेच १२०० लावू नका. आधी ४०० किंवा ६०० वर एकदा स्पिन लावा. कमी वेगाला मशीनची मर्यादा सैल असते, तेवढ्या तोलावर ते फिरायला तयार होतं. त्या फेरीत बरंचसं पाणी निघतं, टॉवेल हलके होतात आणि जो काही फरक उरला असेल तोही कमी होतो. मग दार उघडून एकदा कपडे सैल करा आणि १००० किंवा १२०० वर दुसरं स्पिन लावा. मांद्र्याला ६०० वर पहिल्याच प्रयत्नात फिरलं, १००० ला हलकासा थरथराट होऊन सुरळीत झालं. दोन स्पिन मिळून वीस मिनिटांच्या आत चादरी बाहेर आल्या.

४०० लाही मशीन तयार नसेल तर जड टॉवेल पंधरा मिनिटं बादलीवर निथळत ठेवा आणि मग प्रयत्न करा. गोव्यातल्या पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ही युक्ती मला आणखी कामाची वाटते. अर्धवट स्पिनमध्ये वीज गेली तरी कपडे निदान निथळलेले असतात.

वरून झाकणाचं मशीन: इथे जागा महत्त्वाची

वरून कपडे टाकायच्या मशीनचा नियम उलटा आहे. त्याची टोपली उभी असते आणि पाणी गेल्यावर कपडे जिथे बसतात तिथूनच सरळ स्पिन सुरू होतं, घोळणं नाही. म्हणून इथे तुम्ही केलेली मांडणी टिकते.

झाकण उघडून बघा. बहुतेक वेळा चादर खालच्या चकतीच्या एका बाजूला ढिगासारखी साचलेली असते. ती काढा आणि टोपलीच्या भिंतीला लागून गोल मांडा, जणू पाण्याच्या घड्याखाली ठेवायची चुंबळच घालतो आहोत. चादर एकच असेल तर ती पूर्ण वर्तुळ होऊन दोन्ही टोकं भेटली पाहिजेत. दोन असतील तर एकीचा अर्धवर्तुळ या बाजूला, दुसरीचा त्या बाजूला. टॉवेल जोडीने समोरासमोर. मधोमध, चकतीच्या वर, जागा मोकळी राहू द्या. चादर तिथे गुंडाळली गेली तर पुढच्या खेपेला ती तिथेच पीळ घालते.

मांडूनही परत अडलं तर फक्त स्पिन न लावता खंगाळणं आणि स्पिन असं दोन्ही लावा. पाणी भरलं की कपडे तरंगतात आणि स्वतःहून पसरतात. मशीन स्वतःचा प्रयत्न करतानाही हेच करतं, `uE` दिसत असताना मध्येच पाण्याचा आवाज येतो तो त्याचाच.

अर्धस्वयंचलित मशीनला एरर दाखवायचा पडदाच नसतो, ती सरळ नाचत नाचत भिंतीला जाऊन धडकते. तिच्या स्पिनच्या टोपलीत चादर भिंतीला लावून गोल भरा, हाताने दाबून बसवा आणि जाळीची गोल चकती वरून आठवणीने ठेवा. आवाज सुरू झाला की लगेच बंद करून पुन्हा भरा. झाकणावर हात दाबून धरू नका.

ही एक वस्तू स्पिनमध्ये नको

होमस्टेवाल्यांकडे आता गादीवर वॉटरप्रूफ कव्हर सर्रास असतं. याबद्दल मी जरा ठामपणे सांगतो, कारण यात माणसाला इजा होऊ शकते. वॉटरप्रूफ कापडातून पाणी निघत नाही. ते ड्रममध्ये पिशवीसारखं फुगतं आणि दोन-तीन लिटर पाणी आत अडकून बसतं. सुरुवातीला वजन सारखं पसरलेलं असल्यामुळे मशीनला काही कळत नाही आणि वेग वाढतो. मग भर वेगात एका बाजूचं पाणी एकदम सुटतं आणि तोल क्षणात जातो. असं एक वरून झाकणाचं मशीन मी स्वतः पाहिलंय: टोपली आतल्या टबवर आदळून टब फुटला होता आणि मशीन जागेवरून दीड फूट सरकलं होतं. म्हणून वॉटरप्रूफ कव्हर, रेनकोट, प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं काहीही स्पिनमध्ये नको. कव्हरच्या लेबलवर मशीन चालेल असं लिहिलं असेल तरी तिथे सांगितलेल्या वेगाच्या वर जाऊ नका. लेबल नसेल तर हाताने धुऊन निथळत ठेवा. रबर लावलेलं पायपुसणंही चादरींबरोबर टाकू नका. ते जड असतं, घडत नाही आणि एका जागी बसून राहतं.

एरर कपड्यांचा की मशीनचा, हे कसं ओळखायचं

एकच परीक्षा पुरेशी आहे. ड्रम पूर्ण रिकामा करा आणि फक्त स्पिन लावा. रिकामं असताना शांतपणे पूर्ण वेगाला गेलं तर मशीन ठीक, दोष कपड्यांच्या भरणीत. रिकामं असतानाही एरर आला किंवा धडधडलं तर मात्र मशीनकडे बघायचं.

पहिला संशय जमिनीवर. आपल्याकडे मशीन बऱ्याचदा मागच्या पडवीत किंवा बाल्कांवाच्या कोपऱ्यात असतं आणि तिथल्या फरशीला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. वरच्या एका कोपऱ्यावर तळहात ठेवून तिरपं दाबा, मग समोरच्या कोपऱ्यावर. मशीन डुलत असेल तर एक पाय हवेत आहे. गवंड्याकडची पाणसळ वर ठेवून आडवं आणि उभं दोन्ही तपासा. पायाचा नट आधी सैल करायचा, पाय फिरवून उंची जुळवायची आणि नट परत वर, मशीनच्या तळाशी घट्ट आवळायचा. हा शेवटचा आवळा राहिला तर आठवड्यात पाय पुन्हा फिरतो. पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालू नका, पावसाळ्यात ते भिजून बसतात. चाकांचा स्टँडही मला आवडत नाही. लोकांना झाडायला सोयीचा वाटतो, पण स्पिनला त्यावर मशीन हलतंच.

मशीन नवं किंवा नुकतंच दुसऱ्या घरी हलवलेलं असेल तर मागची बाजू बघा. वाहतुकीसाठी ड्रम बांधून ठेवणारे लांब बोल्ट तिथे असतात, समोरच्या दाराच्या मशीनला तीन किंवा चार. ते काढले नसतील तर पहिल्याच स्पिनला मशीन घरभर चालतं.

जमीन आणि बोल्ट ठीक असतील तर पाळी आधारांची. प्लग काढा. समोरच्या दाराच्या मशीनमध्ये ड्रमच्या आतल्या वरच्या कडेला हात लावून खाली दाबा आणि सोडा. ड्रम वर येऊन जवळजवळ लगेच स्थिरावला पाहिजे. तो दोन-तीनदा उड्या मारत राहिला तर खालचे डँपर गेलेत. वरून झाकणाच्या मशीनमध्ये टोपली दाबून सोडा, तीच परीक्षा, फक्त तिथे चार कोपऱ्यांत चार सस्पेन्शन रॉड असतात. टोपली रिकामी असतानाही एका कोपऱ्याकडे झुकलेली दिसली तर त्या कोपऱ्याचा रॉड बघायचा. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने हे रॉड आणि स्प्रिंग लवकर गंजतात. रॉड एक गेला तरी चारही एकदम बदला. नवा एक आणि जुने तीन यांचा तोल पुन्हा जमत नाही आणि सहा महिन्यांत परत मेकॅनिक बोलवावा लागतो. डँपरचंही तसंच, जोडीनेच बदलायचे. हे काम घरी करू नका, मेकॅनिककडूनच करून घ्या.

आणखी एक गोंधळ मी वरचेवर बघतो. पाणी बाहेर न गेल्यामुळेही स्पिन होत नाही आणि लोकांना तो वजनाचा एरर वाटतो. बीचवरून आलेले टॉवेल न झटकता टाकले की वाळू ड्रेन पंपाच्या जाळीत जाऊन बसते. स्पिनच्या आधी ड्रममध्ये पाणी तसंच दिसत असेल तर खालचं छोटं झाकण उघडून, ताट लावून, जाळी साफ करा. साबण जास्त पडून फेस झाला तरी मशीन वेग घेत नाही. त्याला उपाय एकच, साबणाशिवाय एकदा खंगाळणं.

भरतानाच काय सांभाळायचं

७ किलोच्या मशीनमध्ये मला सगळ्यात बिनघोर वाटणारी भरणी अशी: दोन डबल चादरी, दोन किंवा चार सारखे टॉवेल, आणि चार-पाच मध्यम नग, म्हणजे कुर्ते, टी-शर्ट, परकर असं काही. कोरडं वजन साडेतीन ते साडेचार किलोपर्यंत. टॉवेल नेहमी सम संख्येत आणि एकाच जाडीचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून होमस्टेसाठी टॉवेल घेणार असाल तर सगळे एकाच प्रकारचे घ्या, धुताना फार सोपं जातं. फक्त एक चादर धुवायची असेल तर ती एकटी टाकू नका, दोन टॉवेल सोबत द्या.

कोंबूनही भरू नका. ठासून भरलेल्या ड्रममध्ये गोळा होत नाही हे खरं, पण कपड्यांना हलायला जागाच नसते, त्यामुळे एकदा तोल गेला की मशीन तो परत आणू शकत नाही. कोरडे कपडे भरल्यावर वरच्या कडेला उभा तळहात आत जायला हवा.

इलॅस्टिकच्या चादरी एका खेपेला आणि अभ्रे दुसऱ्या खेपेला, रोजच्या कपड्यांबरोबर. चवथीच्या आधी घरातल्या सगळ्या चादरी, पडदे, पायपुसणी एकदम काढली जातात तेव्हा तर हे हटकून पाळा. त्या आठवड्यात मेकॅनिक सहज मिळत नाही.

वहिनींनी आता मशीनच्या बाजूला दोन जुने जाड टॉवेल खिळ्याला अडकवून ठेवलेत, फक्त तोलासाठी. चादर एकच असली की ते नळाखाली धरून आत टाकतात. ऑगस्टमध्ये त्यांच्याच घरी गेलो होतो, पण गीझर बघायला.